९८ महिन्यांत पैसे फिटले, मग पेन्शनमधून १५ वर्षं कपात का?

केंद्र सरकारी पेन्शनरांच्या गप्पांत एक हिशोब हमखास निघतो. कम्युटेशन केलं, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, की साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला सरकार दर एक रुपया मासिक पेन्शनमागे ९८ रुपये ३३ पैसे देतं. मग दरमहा एक रुपया कापला तर ९८ महिन्यांत, म्हणजे आठ वर्षं आणि जेमतेम दोन महिन्यांत सरकारचे पैसे वसूल झाले. तरीही कपात चालते पूर्ण पंधरा वर्षं. म्हणजे उरलेली जवळजवळ सात वर्षं सरकार फुकट खातं?

बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आजचा रुपया आणि बारा वर्षांनंतरचा रुपया एकाच टोपलीत टाकून मोजले की असंच होतं. हा एकच प्रश्न नीट सोडवताना वर्तमान मूल्य, ऑर्डिनरी ॲन्युइटी, ॲन्युइटी ड्यू आणि ग्रोइंग पर्पेच्युइटी या चारही गोष्टी हाताखालून जातात, म्हणून तोच घेऊ. कॅल्क्युलेटर किंवा मोबाइलवरचं स्प्रेडशीट जवळ ठेवा.

आधी माणूस आणि आकडे

समजा, पोस्टात १९९० च्या दशकात लागलेल्या एक बाई साठाव्या वर्षी निवृत्त होत आहेत. १ जानेवारी २००४ च्या आधी लागल्यामुळे त्यांना जुनं पेन्शन आहे. (त्या तारखेनंतर लागलेले नव्या योजनेत गेले, त्यांना हे कम्युटेशन नाही.) मूळ पेन्शन ठरलं ४०,००० रुपये. नियमाप्रमाणे त्यातला जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो, म्हणजे १६,००० रुपये. किंमत काढायला सहाव्या वेतन आयोगानंतरचा तक्ता वापरतात. पुढच्या वाढदिवसाला ६१ पूर्ण होणार असतील तर गुणक ८.१९४.

१६,००० × १२ × ८.१९४ = १५,७३,२४८ रुपये.

बाईंसमोरचा सौदा असा: आज १५,७३,२४८ घ्या आणि पुढचे १८० महिने दरमहा १६,००० सोडा. पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होतं. ही पंधरा वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या ‘कॉमन कॉज’ निकालापासूनची आहे, त्याआधी विकलेला भाग कायमचाच जात असे. महागाई भत्ता मात्र पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळत राहतो, कापून उरलेल्या २४,००० वर नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे सोडलेली रक्कम पंधराही वर्षं सपाट १६,००० च राहते. ती वाढत नाही.

पहिली पायरी: काळाची रेघ काढा

सूत्राच्या आधी कागदावर एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला शून्य लिहा, म्हणजे आजचा दिवस. मग १, २, ३ अशा खुणा करत १८० पर्यंत जा. मधल्या खुणा टिंबांनी भागवा. आता प्रत्येक पैसा कोणत्या खुणेवर पडतो ते लिहा.

केंद्राचं पेन्शन महिना संपताना, शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतं. फक्त मार्चचं एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतं. म्हणजे बाई ३१ मे रोजी निवृत्त झाल्या तर पहिलं पेन्शन जूनअखेर. पहिले सोडलेले १६,००० खूण १ वर, शेवटचे खूण १८० वर. खूण शून्यवर फक्त एकरकमी १५,७३,२४८ आहेत.

समान हप्ते, समान अंतर आणि पहिला हप्ता पहिल्या कालावधीच्या शेवटी, हे ज्या रेघेवर दिसेल ती ऑर्डिनरी ॲन्युइटी. हेच हप्ते प्रत्येक कालावधीच्या सुरुवातीला, म्हणजे खूण ० ते १७९ वर पडले तर ती ॲन्युइटी ड्यू. हप्त्यांची संख्या दोन्हीकडे १८० च. सगळी मालिका एक घर डावीकडे सरकते, एवढाच फरक.

कोणता व्यवहार कुठे बसतो हे नावावरून ठरवू नका, पैसे पडण्याची तारीख बघा. एलआयसीची जीवन अक्षय घेतली तर मासिक पर्यायात पहिली रक्कम एका महिन्यानंतर येते, म्हणजे ती ऑर्डिनरी. घरभाडं बहुतेक ठिकाणी महिन्याच्या सुरुवातीला द्यायचं असतं, म्हणजे ते ड्यू. विम्याचा हप्ताही आधीच भरायचा असतो, तोही ड्यू. निवृत्तीनंतरचा गोंधळ इथेच होतो: पेन्शन महिन्याच्या शेवटी येतं आणि खर्च सुरुवातीला उभे राहतात.

दुसरी पायरी: तीन हप्त्यांवर हात बसवा

१८० हप्त्यांच्या आधी तीन हप्ते हाताने करा. वर्षाला एक लाख, तीन वर्षं, व्याजदर ८ टक्के.

आज १०० रुपये ८ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाने १०८ होतात. उलट बघितलं तर वर्षानंतरच्या १०८ ची आजची किंमत, म्हणजेच वर्तमान मूल्य किंवा PV, १०० आहे. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या एक लाखाला १.०८ ने भागायचं, दोन वर्षांनी मिळणाऱ्याला दोनदा, तीन वर्षांनी मिळणाऱ्याला तीनदा.

वर्षाअखेर मिळणार असतील तर ९२,५९३ + ८५,७३४ + ७९,३८३ = २,५७,७१०.

वर्षाच्या सुरुवातीला मिळणार असतील तर पहिला लाख आजच हातात, त्याला भागायचं काहीच नाही: १,००,००० + ९२,५९३ + ८५,७३४ = २,७८,३२७.

आता २,५७,७१० ला १.०८ ने गुणून बघा. तेच उत्तर येतं. प्रत्येक हप्ता एक घर अलीकडे आला, म्हणून प्रत्येकाची किंमत एका कालावधीच्या व्याजाने वाढली. दोन सूत्रं वेगळी पाठ करायची गरज नाही:

```
Ordinary:  PV = C × [1 − (1 + i)^(−n)] / i
Due:       PV = (वरचं उत्तर) × (1 + i)
```

C म्हणजे हप्ता, i म्हणजे एका कालावधीचा दर, n म्हणजे हप्त्यांची संख्या. यात सगळ्यात जास्त चुका i मध्ये होतात.

तिसरी पायरी: वार्षिक दराचा मासिक दर करा

हप्ता मासिक असेल तर दरही मासिक हवा. बहुतेक जण ८ ला १२ ने भागून ०.६६६७ टक्के घेतात. पण ०.६६६७ टक्के दरमहा चक्रवाढीने वर्षाला ८ नाही, ८.३ टक्के होतात. वर्षाला खरोखर ८ टक्केच पडायला हवे असतील तर १.०८ चं बारावं मूळ काढून त्यातून १ वजा करायचा. उत्तर येतं ०.६४३४ टक्के.

फरक किरकोळ वाटतो. बाईंच्या १८० हप्त्यांवर लावून बघू:

```
=PV(1.08^(1/12)-1, 180, -16000, 0, 0)   → 1702841
=PV(8%/12, 180, -16000, 0, 0)           → सुमारे 1674250
```

साडेअठ्ठावीस हजारांचा फरक. कोणता बरोबर? बँक किंवा योजना ‘८ टक्के, मासिक चक्रवाढ’ म्हणत असेल तर ८/१२ योग्य. तुमच्या मनात ‘माझ्या पैशावर वर्षाला ८ टक्के सुटतात’ असा आकडा असेल तर बारावं मूळ योग्य. मी पुढे सगळीकडे दुसरी पद्धत धरली आहे.

सूत्रातला शेवटचा आकडा, ०, म्हणजे हप्ता कालावधीच्या शेवटी. तिथे १ टाकला की ॲन्युइटी ड्यू होते:

```
=PV(1.08^(1/12)-1, 180, -16000, 0, 1)   → 1713797
```

हा शेवटचा आकडा लिहिलाच नाही तर स्प्रेडशीट गुपचूप शून्य धरतं. कुठलीही चूक दाखवत नाही, त्यामुळे ड्यूचा हिशोब करताना उत्तर कमी आलं हे लक्षातही येत नाही. हप्त्यापुढचं उणे चिन्हही विसरू नका. ते ‘पैसे जातात’ एवढंच सांगतं. ते दिलं नाही तर उत्तर उणे येईल, पण आकडा तोच.

१७,१३,७९७ वजा १७,०२,८४१ म्हणजे १०,९५६ रुपये. हा फरक दुसऱ्या वाटेने पडताळता येतो, आणि मी दरवेळी पडताळतो. ड्यूमध्ये खूण ० वर एक हप्ता जास्तीचा आला आणि खूण १८० वरचा गेला, मधले १७९ दोन्हीकडे तेच. आजच्या हप्त्याची किंमत पूर्ण १६,०००. पंधरा वर्षांनंतरच्या हप्त्याची आजची किंमत १६,००० ÷ १.०८ चा पंधरावा घात, म्हणजे ५,०४४. वजाबाकी १०,९५६. जुळलं.

म्हणजे मासिक हप्त्यांत ‘आधी की नंतर’ हा फरक एका टक्क्याच्याही आत राहतो. मग त्याचा एवढा गाजावाजा कशाला? कारण लोक महिन्याचे हप्ते वर्षाचे करून टाकतात. १६,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १,९२,०००, आणि लावलं सूत्र. वर्षाअखेर धरले तर ८ टक्क्यांनी १६,४३,४२० येतात, वर्षाच्या सुरुवातीला धरले तर १७,७४,८९४. दोन्हींत एक लाख एकतीस हजारांचं अंतर आहे, आणि खरं उत्तर, १७,०२,८४१, मध्येच कुठेतरी. कालावधी जितका मोठा तितका एक घर सरकण्याचा परिणाम मोठा. वार्षिक विमा हप्ता किंवा वर्षातून एकदा मिळणारी ॲन्युइटी असेल तेव्हा शेवटचा ० की १ हे नीट बघितलंच पाहिजे. मासिक असेल तर मासिकच मोजा.

चौथी पायरी: ९८ महिन्यांचा हिशोब पुन्हा

आता मूळ प्रश्नाकडे. वर्षाला ८ टक्के धरले तर सरकारने आज दिलेले १५,७३,२४८ फेडायला १६,००० चे किती हप्ते लागतील?

```
=NPER(1.08^(1/12)-1, -16000, 1573248)   → सुमारे 156
```

१५६ महिने, म्हणजे तेरा वर्षं. दर ७ टक्के घातला तर १४४ महिने येतात, बरोबर बारा वर्षं. कर्मचारी संघटना कपात बारा वर्षांनी थांबवा अशी मागणी करतात. त्या मागणीत किती व्याज गृहीत आहे ते असं बाहेर येतं. आठ वर्षं दोन महिने हा आकडा फक्त शून्य टक्के व्याजाला खरा आहे. शून्य टक्क्याने पंधरा लाख कोण देतं?

उलटही विचारता येतं: पूर्ण पंधरा वर्षं कपात धरली तर सरकार कोणत्या दराने ‘कर्ज’ देतंय?

```
=RATE(180, -16000, 1573248)             → सुमारे 0.754% दरमहा
=(1+RATE(180,-16000,1573248))^12-1      → सुमारे 9.4% वर्षाला
```

हा ९.४ म्हणजे या सौद्याचा काटा. तुमचा पैसा वर्षाला ९.४ टक्क्यांहून जास्त कमावत असेल, किंवा तेवढं व्याज वाचवत असेल, तर कम्युटेशन घ्यावं. कमी असेल तर नुसत्या आकड्यांनी ते तोट्याचं आहे. हेच हप्ते चुकून ॲन्युइटी ड्यू धरले असते तर काटा साधारण ९.६ वर दिसला असता, म्हणजे सौदा आहे त्यापेक्षा महाग वाटला असता.

बाईंच्या डोक्यात दोन वापर असू शकतात. पहिला, सगळे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकणं. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के झाला, मर्यादा तीस लाख. व्याज तिमाही मिळतं, ते तसंच पुन्हा गुंतवलं असं धरून वर्षाचा परिणामी दर ८.४६ टक्के पडतो. त्या दराने सोडलेल्या पेन्शनचं वर्तमान मूल्य सुमारे १६,६०,००० येतं, मिळतात १५,७३,०००. साधारण ८६ हजारांचा तोटा. शिवाय योजना पाच वर्षांची, वाढवली तर दरवेळी पुढे तीन. पंधरा वर्षं तोच दर मिळेल हे गृहीत धरण्यात थोडी हौस आहेच.

दुसरा वापर, मुलाच्या शिक्षणासाठी काढलेलं ११ टक्क्यांचं कर्ज फेडून टाकणं. ११ टक्क्यांनी सोडलेल्या पेन्शनचं मूल्य १४,४९,००० च्या आसपास, आणि हातात येतात १५,७३,०००. इथे सव्वा लाखाच्या घरात फायदा. (कर्ज पंधरा वर्षांच्या आत संपणार असेल तर फायदा कमी होईल, कारण नंतरच्या वर्षांना ११ टक्के दर लागू राहणार नाही.) पेन्शन तेच, गुणक तोच, फक्त दर बदलला आणि निर्णय फिरला. म्हणून ‘कम्युटेशन घ्यावं का’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर देणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघतो.

आकड्यांबाहेरच्या दोन गोष्टी तराजूत टाकायच्या. एक, पेन्शनरचं पंधरा वर्षांच्या आत निधन झालं तर उरलेली रक्कम कुटुंब निवृत्तिवेतनातून कापत नाहीत. आठ वर्षांनी तसं झालं तर तोवर सोडलेल्या पेन्शनचं वर्तमान मूल्य, ८ टक्के दराने, ११ लाख ४३ हजारच होतं. म्हणजे कुटुंबाकडे चार लाखांहून जास्त शिल्लक राहिले. ९.४ टक्क्यांत या विम्याची किंमतही आहे, आणि जे पंधरा वर्षं जगतात ते ती भरतात. दुसरी गोष्ट कराची. सरकारी कर्मचाऱ्याला कम्युटेशनची रक्कम करमुक्त आहे, मासिक पेन्शन मात्र करपात्र. ज्यांचं पेन्शन कराच्या टप्प्यात येतच नाही त्यांना याचा उपयोग नाही. पण २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे सोडलेले १६,००० उपकर धरून प्रत्यक्षात १२,६७२ च असतात. तो आकडा RATE मध्ये घातला की काटा ९.४ वरून ५.४ वर उतरतो. त्याची तुलनाही करोत्तर व्याजाशीच करायची.

पाचवी पायरी: ‘मुद्दलाला हात न लावता’ याचा खरा अर्थ

आता समजा बाईंनी पैसे घेतलेच. घरातले मोठे म्हणतात, मुद्दलाला हात लावू नकोस, व्याजावर भागव. १५,७३,२४८ वर ८ टक्क्यांनी वर्षाला १,२५,८६० व्याज, महिन्यावर विभागलं तर १०,४८८. ते कायमचं मिळेल, दर तोच राहिला तर. याला पर्पेच्युइटी म्हणतात, आणि तिचं सूत्र सगळ्यात सोपं: वर्तमान मूल्य म्हणजे हप्ता भागिले दर.

अडचण अशी की रुपयातलं मुद्दल शाबूत राहतं, पण त्याची खरेदीशक्ती राहत नाही. महागाई ५ टक्के धरली तर पंधरा वर्षांनी त्या १०,४८८ मध्ये आजच्या जेमतेम ५,०४५ रुपयांचा बाजार येईल. बाईंना खरं तर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढणारी रक्कम हवी आहे. त्यासाठी ग्रोइंग पर्पेच्युइटी:

```
PV = C1 / (r − g)
```

r म्हणजे पैशावर सुटणारा दर, g म्हणजे हप्त्याची वार्षिक वाढ, आणि C1 म्हणजे एका वर्षाने मिळणारा पहिला हप्ता. उलटं फिरवलं तर C1 = १५,७३,२४८ × (०.०८ − ०.०५) = ४७,१९७. महिन्याला चार हजारही नाहीत.

आकडा ऐकून धक्का बसतो, म्हणून दोन वर्षं चालवून बघू. वर्षाअखेर १५,७३,२४८ चे १६,९९,१०८ झाले. त्यातून ४७,१९७ काढले, उरले १६,५१,९११. म्हणजे मुद्दल बरोबर ५ टक्क्यांनी वाढलं. पुढच्या वर्षी ८ टक्क्यांनी १७,८४,०६४, त्यातून पाच टक्के वाढवून ४९,५५७ काढले, उरले १७,३४,५०७. पुन्हा मुद्दल ५ टक्क्यांनी वर. आठ टक्क्यांतले पाच मुद्दलात परत घालायचे आणि फक्त तीन खायचे, एवढंच हे सूत्र सांगतं. महागाईच्या काळात ‘मुद्दलाला हात न लावणं’ म्हणजे हे.

एकाच रकमेतून, एकाच ८ टक्के दराने, पंधरा वर्षांत संपवायचं तर महिन्याला १४,७८२ मिळतात. कायम सपाट हवं तर सुमारे १०,४८८. कायम आणि वाढतं हवं तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ३,९३३. निवृत्तीच्या वेळी कोणी ‘एवढ्या रकमेवर दरमहा एवढे मिळतील’ म्हणालं तर तो यातला कोणता आकडा सांगतोय हे आधी विचारा.

पर्पेच्युइटीत लोक कुठे पडतात

पहिली जागा पुन्हा ‘आधी की नंतर’चीच. सूत्रातला हप्ता एका वर्षानंतरचा आहे. बाईंना पहिली रक्कम आजच हवी असेल, उदाहरणार्थ आरोग्यविम्याचा हप्ता भरायला, तर ती ड्यू झाली, आणि सूत्र C0 × (1 + r) / (r − g) होतं. त्याच १५,७३,२४८ मधून आज काढता येतात ४३,७०१. आज ४७,१९७ काढून पुढे दरवर्षी पाच टक्के वाढवत गेलात तर पैसे कधीतरी संपतील, आणि कित्येक वर्षं ते कळणारही नाही, कारण रुपयातली शिल्लक वाढतानाच दिसते. तपासायची पद्धत सोपी आहे: दर वर्षाअखेर, हप्ता काढल्यावर, शिल्लक मागच्या वर्षीपेक्षा g टक्क्यांनी वाढली का ते बघा. वाढ त्याहून कमी दिसू लागली तर गणित फसलं आहे.

उलट दिशेची चूकही होते. ‘आजच्या भावाने वर्षाला ४८,००० लागतात, पहिली रक्कम वर्षाने हवी’ असं असताना सूत्रात ४८,००० च घालतात. वर्षाने ते ५०,४०० झालेले असतील. C1 म्हणून तेच घालायला हवेत.

दुसरी जागा r आणि g मधलं अंतर. भागाकार दरांचा नसून त्यांच्या फरकाचा आहे, त्यामुळे उत्तर फार नाजूक असतं. ४७,१९७ पासून सुरू होणारी वाढती रक्कम हवी आणि महागाई ५ ऐवजी ६ टक्के धरली तर लागणारं भांडवल १५.७३ लाखांवरून २३.६० लाखांवर जातं. ७ टक्के धरली तर ४७.२० लाख. g आणि r समान झाले की सूत्र शून्याने भागायला लागतं, g मोठा झाला की उत्तर उणे येतं. उणे उत्तर म्हणजे ही मागणी कुठल्याही रकमेतून कायम भागणार नाही. वैद्यकीय खर्च दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढतो असं धरून ८ टक्क्यांच्या ठेवीवर पर्पेच्युइटी काढायला बसलात तर नेमकं हेच होईल. तिथे हे सूत्र बाजूला ठेवून ठरावीक वर्षांचा तक्ताच करावा लागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाई साठ वर्षांच्या आहेत. त्यांना कायमची रक्कम खरंच हवी आहे का? ८ आणि ५ टक्क्यांच्या या पर्पेच्युइटीच्या किमतीतला किती भाग पहिल्या पंचवीस वर्षांतून येतो, ते असं काढतात:

```
=1-(1.05/1.08)^25    → सुमारे 0.5055
```

अर्धाच. उरलेला अर्धा पैसा बाईंच्या पंच्याऐंशीव्या वर्षानंतरच्या हप्त्यांसाठी, आणि तो मुख्यतः वारसांकडे जाणार. मतिमंद मुलाच्या आयुष्यभराच्या सांभाळाची सोय किंवा गावच्या शाळेत दरवर्षीचं बक्षीस ठेवायचं असेल तर पर्पेच्युइटी योग्यच आहे. फक्त स्वतःच्या खर्चासाठी असेल तर पंचवीस वर्षांची वाढती ॲन्युइटी पुरते, तिचं सूत्र म्हणजे वरच्या पर्पेच्युइटीला या ०.५०५५ ने गुणणं. त्याच १५,७३,२४८ मधून पहिल्या वर्षी ४७,१९७ ऐवजी सुमारे ९३,३६० काढता येतात, दरवर्षी पाच टक्के वाढवून. पंच्याऐंशीव्या वर्षी खात्यात शून्य उरेल. पण तोवर कम्युटेशनची कपात थांबून दहा वर्षं झालेली असतील, आणि सोडलेले १६,००० बाईंच्या पेन्शनमध्ये परत आलेले असतील.